लघवी पातळ आहे, पण कशामुळे? डायबेटिस इन्सिपिडस आणि जास्त पाणी पिणं यांतला फरक

प्रश्न: माझे मिस्टर, वय ३६. चार महिन्यांपासून दिवसाला सात-आठ लिटर पाणी पितात आणि तेवढीच लघवी होते. रात्री तीन-चारदा उठतात. उपाशीपोटीची शुगर नॉर्मल, जेवणानंतरची नॉर्मल, एचबीए१सी नॉर्मल. युरीन रिपोर्टमध्ये स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.००५ आहे. भांडुपचे आमचे डॉक्टर म्हणाले डायबेटिस इन्सिपिडस असेल. दुसरे म्हणाले सवय आहे, पाणी कमी करा. या रिपोर्टवरून नक्की कळतं का? आणि ॲडमिट न होता घरीच रात्रभर पाणी बंद ठेवून सकाळची लघवी तपासली तर चालेल का?

उत्तर: नाही, १.००५ या आकड्यावरून काहीच ठरत नाही. आणि पाणी घरी बंद करू नका, एका रात्रीपुरतंही नाही. त्यांना खरोखर डायबेटिस इन्सिपिडस असेल तर पाणी बंद झाल्यावरही लघवी होतच राहते, रक्तातलं सोडियम काही तासांत वर जातं, आणि तुम्हाला बाहेरून फक्त चिडचिड आणि झोपाळूपणा दिसेल. सोडियम कुठे पोहोचलं हे घरी कळायला काही मार्ग नसतो.

आता पहिला मुद्दा नीट समजून घेऊ, कारण तुमच्या दोन्ही डॉक्टरांनी एकच रिपोर्ट पाहून दोन उलट गोष्टी सांगितल्या आणि त्या रिपोर्टापुरतं बोलायचं तर दोघांनाही तसं वाटायला जागा आहे.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. रक्त जरा दाट झालं की तिच्या मागच्या भागातून वासोप्रेसिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि किडनीला सांगतं, पाणी परत आत घे. मग लघवी थोडी आणि दाट होते. डायबेटिस इन्सिपिडसमध्ये हा निरोप निघतच नाही किंवा कमी निघतो, नाहीतर निरोप येतो पण किडनी तो ऐकत नाही. त्यामुळे पाणी वाहून जातं आणि माणूस तहानेने पाणी पितो. जास्त पाणी पिणाऱ्याचं उलट आहे. तो आधी पितो, रक्त पातळ होतं, म्हणून पिट्युटरी निरोप थांबवते, आणि ते अगदी योग्यच करते. किडनी जादाचं पाणी बाहेर टाकते. दोघांच्याही बाटलीत शेवटी पाण्यासारखी लघवीच येते. बाटली पाहून कोण आधी, तहान की लघवी, हे सांगता येत नाही.

तुमच्या १.००५ बद्दल आणखी एक सांगते. स्पेसिफिक ग्रॅव्हिटी म्हणजे लघवी पाण्याच्या तुलनेत किती जड आहे ते. शुद्ध पाण्याचा आकडा १.०००. किडनीने रक्त गाळून त्यात काहीच फेरफार केला नाही तर साधारण १.०१०. त्याच्या खाली म्हणजे किडनी मुद्दाम पाणी सोडते आहे, वर म्हणजे पाणी राखते आहे. रुटीन तपासणीत बहुतेक ठिकाणी हा आकडा पट्टीवरून येतो. पट्टी लघवीत बुडवायची, मिनिटभराने तिचा रंग डबीवरच्या चौकोनांशी ताडून बघायचा. ते चौकोन १.०००, १.००५, १.०१०, १.०१५ असे पाच-पाचच्या टप्प्यांनी असतात. म्हणजे तुमचा १.००५ हा खरं तर 'या दोन हिरव्या-निळ्या छटांच्या मधे कुठेतरी' असा आहे. ट्यूबलाइट मिणमिणती असेल तर तेवढाही नाही. शिवाय पट्टी खरं वजन मोजत नाही, लघवीतल्या क्षारांमुळे होणाऱ्या रासायनिक बदलावरून अंदाज बांधते. लघवी अल्कलाइन असेल तर पट्टी कमी दाखवते. साखर किंवा युरिया असला तर तो तिला दिसतच नाही.

काही जुन्या लॅबमध्ये अजून काचेचा तरंगता युरिनोमीटर वापरतात. तो साधारण २० अंशांवर जुळवलेला असतो आणि दर तीन अंशांमागे ०.००१ मिळवावं लागतं. मे महिन्यात मुंबईतल्या बिनएसीच्या खोलीत लघवी ३२ अंशांवर असेल तर १.००२ दिसलेला आकडा प्रत्यक्षात १.००६ असतो. बाकी ठिकाणी लघवीतून जाताना प्रकाश किती वाकतो ते बघणारा रिफ्रॅक्टोमीटर असतो, तो बराच बरा.

पण सगळ्यात चांगलं यंत्र असलं तरी स्पेसिफिक ग्रॅव्हिटीची एक मर्यादा राहतेच. ती लघवीत विरघळलेल्या गोष्टींचं वजन धरते आणि किडनीला महत्त्व असतं ते संख्येचं. साखरेचा एक मोठा कण आणि मिठाचा एक छोटा कण पाण्याला सारखंच ओढतात, तराजूवर मात्र साखर जड. म्हणून लघवीत साखर, प्रथिनं किंवा सीटी स्कॅनच्या वेळी टोचलेलं औषध असेल तर स्पेसिफिक ग्रॅव्हिटी फसवी वर जाते. ऑस्मोलॅलिटी ही कणांची संख्या मोजते. यंत्र लघवीचा छोटा नमुना गोठवतं आणि किती खाली गेल्यावर गोठला ते बघतं. जितके कण जास्त तितका गोठणबिंदू खाली. एका किलो पाण्यात एक ऑस्मोल कण असतील तर तो शून्याच्या खाली १.८६ अंश जातो. साखर-प्रथिनं नसतील तर घरगुती हिशेब असा: स्पेसिफिक ग्रॅव्हिटीचे शेवटचे दोन आकडे घ्या आणि ३० ते ३५ ने गुणा. १.००५ म्हणजे साधारण १५० ते १७५ मिलिऑस्मोल, १.०२० म्हणजे ६०० ते ७००. हा अंदाजच आहे. निर्णय यावर घ्यायचा नाही, ऑस्मोलॅलिटी मागायची.

मग सुरुवात कुठून करायची? चोवीस तासांच्या लघवीपासून. रात्री किती वेळा उठतात यावर मी फार भर देत नाही. झोपेत तहान न लागता नीट झोपणारा माणूस बहुधा सवयीने पिणारा असतो, हे खरं आहे, पण उशाला बाटली ठेवून सवयीने पिणारेही रात्रभर उठतात. लघवी तीन लिटरच्या वर असेल तरच हा सगळा शोध. मोजली की तीन निघत नाही, असं मी खूपदा पाहिलं आहे. माणूस वारंवार जातो, पण दर खेपेला शंभर-दीडशे मिली. तो मूत्राशयाचा किंवा प्रोस्टेटचा प्रश्न असतो, वेगळाच.

त्या चोवीस तासांच्या कॅनची ऑस्मोलॅलिटीही काढा, कारण त्यातून एक छान हिशेब निघतो. आपण जे खातो त्यातले क्षार आणि युरिया मिळून दिवसाला साधारण ६०० ते ९०० मिलिऑस्मोल किडनीला बाहेर टाकायचेच असतात. समजा ७५०. लघवी ७५० इतकी दाट करता आली तर एका लिटरमध्ये काम होतं. १५० पर्यंतच पोहोचली तर पाच लिटर लागतात. ७५ वर अडकली तर दहा. कॅनमधली लिटरं गुणिले ऑस्मोलॅलिटी हा गुणाकार याच घरात आला तर समजायचं की लघवी पाण्यामुळे जास्त आहे. गुणाकार हजाराच्या बराच पुढे गेला तर साखर, युरिया किंवा मीठ पाणी ओढून नेतं आहे आणि शोध दुसरीकडे करायचा.

इथपर्यंत दोन्ही आजारांचं उत्तर सारखंच येतं. फरक पडतो तो लघवीच्या शेजारी त्याच वेळचं रक्त ठेवल्यावर.

रक्ताची ऑस्मोलॅलिटी साधारण २७५ ते २९५ असते. ती यंत्रावर काढता येते किंवा हिशेबाने: सोडियमची दुप्पट, अधिक साखर भागिले १८, अधिक युरिया भागिले ६. पुस्तकांत शेवटी २.८ ने भागा असं लिहिलेलं असतं, पण ते युरिया नायट्रोजनसाठी. आपल्याकडे बऱ्याच रिपोर्टांवर पूर्ण युरिया असतो, त्याला ६. ही गफलत नेहमी होते. डायबेटिस इन्सिपिडसचा माणूस सतत वाहून गेलेलं भरून काढत असतो, त्यामुळे त्याचं रक्त दाट बाजूला झुकलेलं असतं, सोडियम १४२, १४४, १४५. जास्त पिणाऱ्याचं रक्त पातळ बाजूला, १३४ ते १३७. सोडियम १४७ च्या वर आणि त्याच वेळी लघवीची ऑस्मोलॅलिटी ३०० च्या खाली असेल तर डायबेटिस इन्सिपिडस सिद्ध झालं. त्या माणसाचं पाणी तोडण्याची चाचणी करायचीच नसते, ती धोक्याची आणि निरर्थक. उलट सोडियम १३५ आणि लघवी ८० असेल तर पारडं जास्त पिण्याकडे झुकतं.

पण बरीच माणसं मधेच सापडतात, सोडियम १३९ ते १४१. त्यांच्यासाठी वॉटर डिप्रिव्हेशन टेस्ट, म्हणजे देखरेखीत पाणी तोडून केलेली चाचणी.

तिचं स्वरूप तुम्हाला कळावं म्हणून एका माणसाची पूर्ण चाचणी सांगते. ओळखीच्या गोष्टी बदलल्या आहेत, आकडे मात्र त्या धाटणीचेच. तिशीतला बस कंडक्टर. चार महिने तहान. दादर टीटीला बस थांबली की आधी मुतारी शोधायची, मग पाण्याची टपरी. त्याला 'टेन्शन' म्हणून एका ठिकाणी परत पाठवलेलं. चोवीस तासांत सहा लिटर लघवी, ऑस्मोलॅलिटी १३०, म्हणजे गुणाकार ७८०, ठीक. साखर ९०, कॅल्शियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन नॉर्मल. मानसिक आजारासाठी देतात ते लिथियम घेत नव्हता. हे आधी बघायचंच असतं, कारण लिथियम चालू असलं, कॅल्शियम वाढलं किंवा पोटॅशियम घटलं तरी किडनी वासोप्रेसिनचं ऐकेनाशी होते. सकाळचं कॉर्टिसॉल आणि थायरॉइडही पाहिलं. कॉर्टिसॉल कमी असेल तर डायबेटिस इन्सिपिडस झाकलं जातं आणि स्टेरॉइड सुरू केल्यावर अचानक उघडं पडतं. सुरुवातीचं सोडियम १४३, युरिया १८. हिशेब: २८६ अधिक ५ अधिक ३, म्हणजे २९४.

आदल्या रात्री त्याला हवं तेवढं पाणी पिऊ दिलं. इतकी लघवी करणाऱ्याला रात्रीपासून कोरडं ठेवायचं नाही. चाचणी सकाळी सुरू करायची, जेव्हा वॉर्डात डॉक्टर जागे आणि लॅब चालू असते. सकाळी सातला लघवी करवून वजन घेतलं: ६२ किलो, अंगावर एक सुती सदरा आणि पायजमा, शेवटपर्यंत तेच कपडे. चहा नाही, तंबाखू नाही, कारण निकोटिन वासोप्रेसिन सोडवतं. खायला कोरडे दोन टोस्ट. मग दर तासाला लघवी, आकारमान आणि ऑस्मोलॅलिटी, दर तासाला वजन, दर दोन तासांनी रक्त.

पहिल्या तासाला लघवी २२५ मिली, ऑस्मोलॅलिटी १४८. मग १९६, २५१, ३०२. इथे निवासी डॉक्टर खुशीत आले, 'मॅडम, दाट होते आहे, म्हणजे सवयच.' मी त्यांना थांबायला सांगितलं. पुढचे आकडे ३३८, ३५६, ३६४. दोन तास लागोपाठ वाढ तीसच्या आत आली, म्हणजे लघवी आता याहून दाट होणार नाही. त्या वेळी वजन ६०.८, म्हणजे जवळपास दोन टक्के कमी. त्याचे ओठ सुकले होते, जीभ टाळूला चिकटून शब्द तुटत होते, नजर नर्सच्या टेबलावरच्या तांब्यावर. रक्तात सोडियम १४५, ऑस्मोलॅलिटी २९८.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. रक्त २९८ म्हणजे शरीराची पाणी राखण्याची आज्ञा पूर्ण जोराने जायला हवी होती. निरोगी माणसाची लघवी अशा वेळी ८०० च्या आसपास किंवा वर जाते. याची ३६४. म्हणजे काहीतरी कमी आहे. पण काय, निरोप की कान? त्यासाठी डेस्मोप्रेसिन, म्हणजे कृत्रिम वासोप्रेसिन, दोन मायक्रोग्रॅम शिरेतून दिलं. एका तासाने लघवी ५१२, दोन तासांनी ५७४. ३६४ वरून ५७४, म्हणजे ५८ टक्के वाढ. किडनीचे कान शाबूत, निरोप कमी येत होता. पिट्युटरीकडून होणारं, अर्धवट डायबेटिस इन्सिपिडस. एमआरआयमध्ये पिट्युटरीच्या मागच्या भागात जो चमकदार ठिपका दिसायला हवा तो नव्हता आणि तिचा देठ जाड झाला होता. आपल्या शहरात देठ जाड दिसला की क्षयाची शंका येतेच, पण कारणांची यादी लांब आहे आणि त्याचा तपास पुढे वेगळा चालला. त्याला 'टेन्शन' म्हणून सोडलं असतं तर तो देठ कोणी पाहिला नसता.

पूर्ण प्रकार ओळखायला सोपे. रक्त दाट होऊनही लघवी ३०० च्या खालीच, डेस्मोप्रेसिननंतर ५० टक्क्यांहून जास्त उडी: दोष पिट्युटरीत. ३०० च्या खाली आणि औषधानंतरही जेमतेम हालचाल: दोष किडनीत. घोटाळा आहे तो ३०० ते ८०० च्या पट्ट्यात, जिथे कंडक्टर होता आणि जिथे सवयीने पिणारेही येऊन थांबतात.

ते का थांबतात? किडनीच्या आतल्या गाभ्यात क्षार आणि युरिया साठवून ठेवलेले असतात. त्यांच्या जोरावरच ती लघवीतलं पाणी ओढून घेते. महिनोन्‌महिने रोज आठ-दहा लिटर पाणी तिच्यातून वाहिलं की तो साठा धुऊन जातो. मग वासोप्रेसिन भरपूर असूनही लघवी ४५० किंवा ५५० च्या पुढे जात नाही. परळला मी पाहिलेल्या एका शिक्षिकेचं असंच होतं. 'त्वचा चांगली राहते' म्हणून दोन वर्षं पाणी वाढवत नेलेलं. सुरुवातीला सोडियम १३५. दुपार झाली तरी तिचं रक्त दाट होईना, कारण आधी अंगात साठलेलं जादाचं पाणी निघायलाच वेळ लागत होता. संध्याकाळी लघवी ५४० वर येऊन थबकली. डेस्मोप्रेसिननंतर ५६०, म्हणजे जेमतेम चार टक्के. तिचं स्वतःचं वासोप्रेसिन आधीच पूर्ण काम करत होतं, बाहेरून आणखी देऊन फरक पडणार नव्हता. दहा टक्क्यांच्या आतली ही वाढ जास्त पिण्याच्या बाजूची. कंडक्टरचा ३६४ आणि तिचा ५४० हे एकाच पट्ट्यातले आकडे, वेगळे झाले ते औषधानंतरच्या वाढीने आणि शेजारच्या सोडियमने.

तरी ही रेघ धारदार नाही, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. साठा फारच धुतला गेला असेल तर पिट्युटरीचा दोष असलेल्या माणसातही डेस्मोप्रेसिननंतरची वाढ कमी येते. आणि चाचणी रक्त पुरेसं दाट व्हायच्या आत थांबवली तर निरोगी माणसाची लघवीही पातळच निघेल आणि त्याच्या माथी आजार लागेल. म्हणून रक्ताचा आकडा नसलेला वॉटर डिप्रिव्हेशनचा रिपोर्ट मी वाचायलाच घेत नाही. शेवटच्या रक्ताची ऑस्मोलॅलिटी २९५ च्या वर गेली का, हा माझा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न, मधे पाणी प्यायला होता का. मी शिकत असताना एका रुग्णालयात आम्ही एका तरुणाची चाचणी सकाळपासून केली, लघवी १२० वर अडकून राहिली, आणि किडनीचा दोष लिहायची तयारी झाली. आमच्या सरांनी कागद हातात घेतला आणि फक्त वजनाचा रकाना वाचला. पाच तासांत लघवी दोन लिटरहून जास्त आणि वजन फक्त दोनशे ग्रॅमने कमी. बाहेर गेलेलं पाणी आणि उतरलेलं वजन जुळलंच पाहिजे, घामाचं थोडं वर धरून. तो बाथरूमच्या नळाला तोंड लावत होता. त्याचा राग मला आला नाही. तशी तहान लागलेल्या माणसाला नळासमोर एकटं सोडणं ही आमची चूक होती. तेव्हापासून चाचणीच्या दिवशी बाथरूमपर्यंत सोबत कोणीतरी जातंच, आणि शेजारच्या खाटेवरच्यांना त्यांच्या बाटल्या आत ठेवायला सांगितलं जातं.

थांबवायच्या खुणा आधी ठरलेल्या असतात. वजन तीन टक्क्यांनी उतरलं, सोडियम १४५ ते १५० च्या दरम्यान ठरवलेल्या हद्दीच्या वर गेलं, रक्तदाब पडला किंवा माणूस गळून गेला की चाचणी तिथेच संपवायची. डेस्मोप्रेसिन दिल्यावर उलटा धोका असतो. आता लघवी बंद झालेली असते आणि दिवसभराच्या तहानेने माणूस तांब्यामागून तांब्या रिचवतो. रक्त पातळ होतं, सोडियम घसरतं, डोकं दुखतं, ओकाऱ्या होतात, फिट येऊ शकते. म्हणून चाचणीच्या काळात जितकी लघवी झाली त्याच्या दीड ते दोन पटीपेक्षा जास्त पाणी त्या संध्याकाळी द्यायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सोडियम पाहायचं.

याच कारणासाठी कोणी तुम्हाला 'चाचणीची भानगड नको, गोळी सुरू करून बघू' असं म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणा. तुमचे मिस्टर सवयीने पिणारे असतील तर डेस्मोप्रेसिनची गोळी घेऊन आठ लिटर पाणी पिणं त्यांच्या जिवावर बेतू शकतं. देखरेखीत, रोज सोडियम मोजत दिलेला प्रयोग निराळा.

आता कोपेप्टिनची रक्ततपासणीही आली आहे. वासोप्रेसिन तयार होताना त्याच्याबरोबर सुटणारा हा तुकडा, मोजायला सोपा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात तीन टक्के सलाइनने सोडियम १५० पर्यंत चढवून मग कोपेप्टिन मोजलं. ४.९ पिकोमोलच्या वर म्हणजे जास्त पिणं, खाली म्हणजे पिट्युटरीचा दोष. अचूक निदान सुमारे ९७ टक्क्यांमध्ये झालं, वॉटर डिप्रिव्हेशनने ७७ टक्क्यांमध्ये. तुमच्या डॉक्टरांनी हा पर्याय सुचवला तर तो चांगलाच, पण तोही वॉर्डात, दर अर्ध्या तासाने सोडियम पाहत करायचा. आणि रिपोर्टवर 'वासोप्रेसिनची कमतरता' असं लिहून आलं तर घाबरू नका, पिट्युटरीकडून होणाऱ्या डायबेटिस इन्सिपिडसचंच ते २०२२ मध्ये सुचवलेलं नाव आहे. 'डायबेटिस' शब्दामुळे अशा रुग्णांना साखरेचे रुग्ण समजून चुका होत होत्या.

तुम्ही या आठवड्यात काय करायचं ते सांगते. लॅबमधून पाच लिटरचे दोन कॅन घ्या, एक पुरणार नाही. रविवारी करा, म्हणजे ते लोकलमध्ये नसतील. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि घड्याळात वेळ लिहायची. तिथून पुढची प्रत्येक लघवी कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची शेवटची धरून. पाणी नेहमीसारखंच प्यायचं, कमीही नाही, जास्तही नाही, आणि किती प्यायले ते एका वहीत लिहायचं. सोमवारी सकाळी कॅन देताना त्याच वेळी रक्त द्या: सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, साखर, युरिया, क्रिएटिनिन, ऑस्मोलॅलिटी. आणि त्या क्षणाची ताजी लघवी वेगळ्या बाटलीत, तिचीही ऑस्मोलॅलिटी. रक्त एका लॅबमध्ये आणि लघवी दुसरीकडे, असं करू नका. कॅनमध्ये क्रिएटिनिनही काढायला सांगा, त्यावरून गोळा करताना काही सुटलं का ते डॉक्टरांना कळतं.

सकाळची लघवी तपासण्याची तुमची कल्पना एका अर्थाने उपयोगी आहे, फक्त पाणी न अडवता. रात्री तहान लागली तर प्यायचंच. आणि तरीही एखाद्या सकाळच्या पहिल्या लघवीची ऑस्मोलॅलिटी ७०० ते ८०० च्या वर आली, तर त्यांची किडनी आणि पिट्युटरी दोन्ही नीट चालतात आणि पुढची चाचणी टळते. पातळ आली तर मात्र त्यातून काही निघत नाही, कारण रात्री ते पाणी प्यायलेले असतात.

रक्ताचे आणि लघवीचे हे रिपोर्ट घेऊन अंतःस्रावी ग्रंथींच्या डॉक्टरांकडे जा. सोबत त्यांच्या सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी न्या, मानसिक आजाराच्या किंवा ॲलर्जीच्या असल्या तरी. काहींनी तोंड कोरडं पडतं आणि त्यानेच माणूस पाणी पीत राहतो. डोक्याला मार लागला होता का, नजर कडेने अंधुक होते का, अलीकडे डोकं दुखतं का, हेही सांगा. आणि मधल्या काळात जुलाब-उलट्या होऊन पाणी पोटात टिकेनासं झालं, किंवा ते नेहमीपेक्षा गुंगीत वाटले, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता जवळच्या कॅज्युअल्टीत न्या आणि पहिल्याच डॉक्टरांना सांगा की यांना रोज सात-आठ लिटर लघवी होते, सोडियम लगेच बघा.